बी.फार्म/डी.फार्म : फी भरण्याआधी पीसीआयची मान्यता नेमकी कशी तपासायची?

शुभदा_परभणी
नमस्कार मंडळी. भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी विचारते आहे. बारावी सायन्सला ५८ टक्के, सीईटी दिली पण पर्सेंटाइल फारच कमी आहे. त्याला फार्मसीच करायची आहे, कारण दादाच्या मनात पुढेमागे गावात मेडिकल टाकायचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेचं कॉलेज आहे. त्यांचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, बी.फार्मच्या सीट संपत आल्या आहेत, २५ हजार भरून सीट बुक करा, बाकीचं कॅपचं वगैरे आम्ही बघून घेतो. जाहिरातीच्या कागदावर 'एआयसीटीई मान्यताप्राप्त, शासनमान्य, पीसीआय अप्रूव्हड' असं सगळंच छापलेलं आहे. एक पत्रही दाखवलं, दादाने त्याचा फोटो काढून ठेवलाय.

शनिवारी पैसे घेऊन बोलावलंय. त्याआधी आम्ही घरबसल्या काय काय तपासू शकतो? दादा शेतकरी आहे, मी शिक्षिका आहे, पण या क्षेत्रातलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही.

सह्याद्रीचा_वारा
ताई, सोपं आहे. एआयसीटीईच्या वेबसाइटवर जा, राज्य आणि जिल्हा निवडा, कॉलेजचं नाव आलं की निर्धास्त व्हा. शिवाय यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते, तीही बघून घ्या. त्या यादीत नाव नसेल तर काळजीचं कारण नाही. माझ्या पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या वेळी आम्ही हेच केलं होतं.

मीनल_नाशिक
धागा वर आला म्हणून विचारते. माझी मुलगी बीसीए करतेय, पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे. तिची डिग्री चालेल ना? पीसीआयची मान्यता तिलाही लागते का?

खलबत्ता
शुभदाताई, शनिवारी पैसे नेऊ नका. पुढचं सगळं त्यानंतर.

मी बरीच वर्षं एका फार्मसी कॉलेजात शिकवलं आणि इन्स्पेक्शनच्या फायली माझ्याच टेबलावर तयार व्हायच्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सह्याद्री, तुमची पद्धत इंजिनिअरिंगला बरोबर होती, फार्मसीला चालत नाही. फार्मसीचं शिक्षण १९४८च्या फार्मसी कायद्याखाली येतं आणि त्यात अधिकार फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजेच पीसीआयचा. पूर्वी एआयसीटीई आणि पीसीआय दोघांच्याही मान्यता घ्याव्या लागत आणि दोघांचे नियम एकमेकांशी जुळत नसत. तो वाद सुप्रीम कोर्टात गेला. त्यातलं एक कॉलेज आपल्या विदर्भातलंच होतं. मार्च २०२०मध्ये कोर्टाने निकाल दिला की फार्मसीच्या बाबतीत पीसीआयचाच शब्द अखेरचा. त्यामुळे फार्मसीच्या जाहिरातीत 'एआयसीटीई मान्यताप्राप्त' हे ठळक अक्षरात असेल, तर त्यावरून तुम्हाला हवी ती माहिती मिळतच नाही. कॉलेज जुनं असेल तर तो शिक्का खरा असेलही. पण तुमच्या भाच्याचं नाव फार्मासिस्ट म्हणून नोंदलं जाणार की नाही, हे त्यावर ठरत नाही.

यूजीसीच्या यादीचंही तसंच. ती यादी स्वतःला विद्यापीठ म्हणवणाऱ्या बोगस संस्थांची आहे. कॉलेजांची नावं तिच्यात येतच नाहीत. कॉलेजचं नाव तिथे सापडलं नाही, याचा काही अर्थ निघत नाही.

ताई, आता त्या पत्राचं बघू. फोटोतल्या चार गोष्टी इथे लिहा : पत्र कोणी दिलंय, कोणत्या कोर्ससाठी, कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी आणि किती विद्यार्थ्यांसाठी. कॉलेजचं नाव इथे लिहू नका.

मीनलताई, पीसीआयचा बीसीएशी काही संबंध नाही. बीसीए आणि बीबीए २०२४-२५पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलेत. तेव्हा तुमच्यासाठी मात्र सह्याद्रींनी सांगितलेली साइट योग्य आहे. मुलीने ज्या वर्षी प्रवेश घेतला, त्या वर्षी कॉलेजचं आणि बीसीएचं नाव तिथे आहे का ते बघा.

सह्याद्रीचा_वारा
फार्मसीचं वेगळं आहे हे माहीत नव्हतं. पण पीसीआय असो की एआयसीटीई, सरकारी साइटवर नाव असलं की झालं ना? इतकं खोलात जायची गरज आहे का?

औषधवाला_सांगली
गरज आहे भाऊ. मी सांगतो का ते.

माझ्या दुकानात एक मुलगा कामाला होता. हुशार, गिऱ्हाईकांशी बोलणं चांगलं, औषधांची नावं तोंडपाठ. एका एजंटने त्याला दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात डी.फार्मला घातलं. 'नॉन अटेंडिंग', म्हणजे परीक्षेपुरतं जायचं. आईने गळ्यातलं मोडून पैसे दिले. दोन वर्षांनी मार्कलिस्ट हातात आली, छान कागदावर, शिक्क्यासकट. नोंदणीसाठी महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे अर्ज केला. कौन्सिल अशा वेळी परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडून आणि कॉलेजकडून खातरजमा करून घेतं. तिथे तो अडकला. कॉलेजचं नाव पीसीआयच्या यादीत होतं, पण याचा हजेरीपट, ट्रेनिंगची कागदपत्रं काहीच जुळेना. डी.फार्मला दुकानात किंवा हॉस्पिटलात ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग लागतं. याच्या कागदावर ज्या काळात ते ट्रेनिंग दाखवलं होतं, त्या काळात तो रोज माझ्या काउंटरवर उभा होता. मी खोटं लिहून देणार नव्हतो, तसं त्याला सांगितलं.

आज तो एका कंपनीत पॅकिंगला आहे. नोंदणी नाही म्हणजे लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव लागत नाही. म्हणून सांगतो, साइटवर कॉलेजचं नाव दिसलं म्हणजे सगळं झालं, असं धरून चालू नका.

खलबत्ता
औषधवाल्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्याकडे दरवर्षी वेगवेगळ्या चेहऱ्याने यायची. फार्मसी घरी बसून करता येत नाही. पत्राने किंवा दूरस्थ पद्धतीने डी.फार्म, बी.फार्म असा प्रकारच नाही. 'हजेरीची चिंता करू नका' हे वाक्य ऐकू आलं की तिथेच उठावं.

शुभदा_परभणी
खलबत्ता सर, फोटो मोठा करून वाचला. पत्र पीसीआयचंच आहे. वर संस्थेचं नाव आणि गाव आहे. कोर्स : डी.फार्म. प्रवेशसंख्या ६०. वर्ष २०२४-२५. इंग्रजीत लिहिलंय की पहिल्या वर्षाच्या 'कंडक्ट'ला मंजुरी.

पण आम्हाला तर ते बी.फार्म देणार म्हणतात! आणि आता प्रवेश २०२५-२६चे चालू आहेत. दादाला हे सांगितलं तर तो म्हणतो, 'पत्र खरं आहे ना, मग झालं.'

खलबत्ता
पत्र खरं असेल, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण ते तुमच्या भाच्याबद्दल नाही. दादांना हे समजावून सांगा.

पीसीआय संस्थेला सरसकट मान्यता देत नाही. एका कॉलेजला, एका कोर्ससाठी, एका शैक्षणिक वर्षासाठी, ठरावीक जागांना देते. तुमच्या हातातलं पत्र म्हणतं, या कॉलेजने २०२४-२५मध्ये डी.फार्मच्या पहिल्या वर्षाला ६० मुलं घेतली तर चालेल. बी.फार्मबद्दल त्यात अवाक्षर नाही. २०२५-२६बद्दलही नाही. आणि ६१वा मुलगा घेतला तर त्या मुलाला या पत्राचा उपयोग नाही.

आता असं करा. pci.gov.in उघडा. तिथे मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या राज्यवार आणि कोर्सवार आहेत. डी.फार्मची वेगळी, बी.फार्मची वेगळी. महाराष्ट्र निवडा आणि आधी बी.फार्मच्या यादीत शोधा. शोधताना कॉलेजच्या पूर्ण नावाबरोबर गावही बघा आणि पत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून घ्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण एकाच ट्रस्टची एकाच आवारात दोन-दोन, तीन-तीन कॉलेजं असतात. एक 'कॉलेज ऑफ फार्मसी', दुसरं 'इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसी', तिसऱ्याच्या नावात ट्रस्टच्या संस्थापकांचं नाव घातलेलं. बाहेर कमान एकच. त्यातल्या एकाला मान्यता असते आणि पत्र त्याचंच दाखवलं जातं. मुलाचं नाव लागतं दुसऱ्यात.

नाव सापडलं तर त्यापुढचं वर्ष आणि जागा टिपून घ्या. मग इथे लिहा.

बार्शीकर_मास्तर
मी एका लहान फार्मसी कॉलेजात शिकवतो, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पीसीआयच्या मान्यता गेल्या काही वर्षांत वेळेवर येत नाहीत. इन्स्पेक्शन होऊन जातं, शुल्क भरलेलं असतं, आणि पत्रासाठी पोर्टल रोज उघडून बघावं लागतं. त्यापायी फार्मसीचे कॅप राउंडही लांबतात. इंजिनिअरिंगचे वर्ग भरतात आणि आमच्याकडे अजून पहिली यादी नाही. अशा वेळी कॉलेजने 'मान्यता प्रक्रियेत आहे' म्हटलं तर ते दरवेळी खोटं नसतं. मुलं इंजिनिअरिंगकडे, बी.एस्सी.कडे निघून जातात, वर्ग रिकामे राहतात आणि आमचे पगार थांबतात.

खलबत्ता
मास्तर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी त्यातून गेलोय. मान्यता उशिरा येण्यात कॉलेजचा दोष नसतो. पण प्रक्रियेत असलेल्या मान्यतेपोटी पालकाकडून पैसे घेणं हे कॉलेजने करायला नको. पत्र आलं नाही तर नुकसान पालकाचं होतं, आणि ते पैसे परत मिळवायला त्याला वर्षभर चकरा माराव्या लागतात. मुलाला थांबवून धरायचंच असेल तर त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा, पैसे घेऊ नका. तुमचं कॉलेज घेत नसेल, पण घेणारी आहेत.

बार्शीकर_मास्तर
हे मान्य. आमच्याकडे घेत नाहीत. पण पालकाने तोवर थांबावं की दुसरीकडे प्रवेश घेऊन ठेवावा, यावर माझ्याकडेही उत्तर नाही. थांबला आणि मान्यता नाही आली तर वर्ष गेलं. दुसरीकडे घेतला तर तिथली फी सुटवताना कटकट.

शुभदा_परभणी
रात्री बसून बघितलं. भाच्यालाच लॅपटॉप दिला, त्याने माझ्यापेक्षा लवकर शोधलं.

डी.फार्मच्या यादीत ते कॉलेज आहे. बी.फार्मच्या यादीत त्या गावाचं एकही कॉलेज नाही. ट्रस्टचं नाव टाकून शोधलं तर त्यांचं बी.फार्म कॉलेज दुसऱ्या तालुक्यात आहे, तिथून जवळजवळ ७० किलोमीटर. त्याचं नाव जवळजवळ तेच आहे, फक्त 'कॉलेज'च्या जागी 'इन्स्टिट्यूट'.

सकाळी दादाने त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, 'नाव त्या कॉलेजात लागेल, शिकवणी इथे होईल. यंदा पत्र आलं की पुढच्या वर्षी इथे ट्रान्सफर.'

खलबत्ता
ताई, हे तर फार महत्त्वाचं सांगितलंत. पट एका गावी आणि वर्ग दुसऱ्या गावी, हे चालत नाही. पीसीआय मान्यता देते ती त्या इमारतीतल्या प्रयोगशाळा, शिक्षक आणि जागा बघून. इन्स्पेक्शनच्या दिवशी मुलांना बसमध्ये घालून दुसऱ्या गावी नेतात आणि तिथे बसवतात, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. पकडलं गेलं तर कॉलेज त्या वर्षापुरतं बंद पडू शकतं आणि मुलं मधल्या मध्ये लटकतात. आणि 'पुढच्या वर्षी ट्रान्सफर' कशाच्या जोरावर? ज्या कॉलेजला आज मान्यता नाही, त्याला पुढच्या वर्षी थेट दुसऱ्या वर्षाचा वर्ग मिळणार नाही. मिळालीच तर पहिल्या वर्षाची मिळेल.

बी.फार्मचं एवढं पक्कं समजा : महाराष्ट्रात त्याचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. cetcell.mahacet.org वर फॉर्म भरायचा, कागदपत्रं तपासून घ्यायची, मेरिट यादीत नाव यायला हवं. कॅपसाठी जाहीर होणाऱ्या जागांच्या तक्त्यात प्रत्येक कॉलेजचा कोड असतो आणि त्या वर्षीच्या जागा असतात. त्या वर्षीची मान्यता ज्या कॉलेजला नाही, ते तक्त्यात येत नाही. संस्था पातळीवरच्या जागा, ज्यांना लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्यांनाही हीच नोंदणी लागते आणि शेवटी प्रवेश नियामक प्राधिकरण त्या प्रवेशाला मान्यता देतं. 'कॅपचं आम्ही बघून घेतो' असं काही नसतं. भाच्याचा लॉगिन आणि पासवर्ड त्याच्याच हातात राहू द्या. एजंट तोच आधी मागतात.

औषधवाला_सांगली
+१. पासवर्ड दिला की तुमच्या नावाने कुठला ऑप्शन भरला आणि कुठली सीट स्वीकारली, हे तुम्हाला मागाहून कळतं.

सह्याद्रीचा_वारा
मला एक विचारायचंय. दुसऱ्या राज्यातली खाजगी विद्यापीठं आहेत, यूजीसीच्या यादीत आहेत, विधानसभेने कायदा करून काढलेली. ते स्वतःच डिग्री देतात. मग त्यांना पीसीआय कशाला लागेल? विद्यापीठ सरकारमान्य असलं की त्याचे सगळे कोर्स आपोआप मान्य, असंच ना?

खलबत्ता
नाही, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच फसतात, कारण त्यात कोणी उघड खोटं बोललेलं नसतं. विद्यापीठाला डिग्री द्यायचा अधिकार आहे, हे खरं. पण ती डिग्री घेऊन औषध देण्याचा अधिकार राज्याच्या फार्मसी कौन्सिलमधल्या नोंदणीने मिळतो आणि ती नोंदणी पीसीआयने मान्य केलेल्या शिक्षणावरच होते. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आणि त्याचा फार्मसी विभाग पीसीआयच्या यादीत, दोन्ही वेगवेगळं तपासायचं.

मनोहर_काका
इतका घोळ आहे तर मुलाला डी.फार्मलाच का घालत नाही? दुकान टाकायला डी.फार्म पुरतं. त्या कॉलेजला डी.फार्मची मान्यता आहे म्हणता. दोन वर्षांत मोकळा.

शुभदा_परभणी
काका, आज घरात हीच चर्चा झाली. भाचा म्हणतो, डी.फार्म करून पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाईन. म्हणजे आता प्रश्न असा की त्याच कॉलेजात डी.फार्मला घ्यायचं का? सर, यादीत नाव आहे, पण वर्ष २०२४-२५च दिसतंय. आणि हे कॉलेज सुरू होऊन दुसरंच वर्ष आहे.

खलबत्ता
काकांचा सल्ला व्यवहाराचा आहे. दुकानासाठी डी.फार्म पुरेसं आहे आणि थेट दुसऱ्या वर्षाला बी.फार्मची वाटही आहे.

पण हे कॉलेज नवं आहे, म्हणून थांबून एक गोष्ट समजून घ्या. ही जाहिरातीत कधीच येत नाही. पीसीआयची मान्यता दोन टप्प्यांत असते. कॉलेज नवं असताना दरवर्षी 'कोर्स चालवायला' परवानगी मिळते. तुमच्या पत्रात 'कंडक्ट' शब्द आहे तो हाच. पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचली, परीक्षा झाली, की पीसीआय पुन्हा तपासते आणि मग कायद्याच्या कलम १२खाली अभ्यासक्रमाला आणि परीक्षेला मान्यता देते. नोंदणीसाठी लागते ती ही कलम १२ची मान्यता. पहिला टप्पा पार पडला म्हणजे दुसरा पडेलच असं नाही. बहुतेक कॉलेजांना मिळते. काहींची शिक्षकांच्या कमतरतेवरून, प्रयोगशाळेवरून अडते आणि तोवर पास झालेली मुलं मार्कलिस्ट घेऊन बसलेली असतात. एमएसबीटीईने परीक्षा घेतली, निकाल लावला, डिप्लोमा दिला, तरी ते नोंदणीला पुरत नाही.

म्हणून जुन्या कॉलेजला मी एकच विचारतो : तुमच्याकडून गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांची महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी झाली का? त्यांच्याशी बोलायला मिळेल का? ज्या कॉलेजची मुलं नोंदली गेलीत, ते लगेच नंबर देतं. नव्या कॉलेजकडे हे उत्तर असूच शकत नाही, कारण बॅच बाहेर पडलेली नाही. तो धोका किती घ्यायचा हे घरच्यांनी ठरवायचं. जिल्ह्यात कलम १२ मिळालेलं जुनं कॉलेज असेल तर मी पहिल्यांदा तिथे प्रयत्न करीन, वसतिगृहाचा खर्च वाढला तरी.

यंदाच्या वर्षाचं म्हणाल तर २०२५-२६ यादीत दिसत नाही, याचे दोन अर्थ निघतात. मान्यता आलीच नाही, किंवा यादी अजून अद्ययावत झालेली नाही. दुसरंही होतं. म्हणून dte.maharashtra.gov.in वरून डी.फार्मच्या प्रवेशाच्या पोर्टलवर जाऊन यंदाच्या जागांच्या यादीत कॉलेज आहे का ते बघा. तिथे यंदाच्या वर्षासह नाव असेल तरच ऑप्शन फॉर्ममध्ये घाला. नवीन संस्थेसाठी उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा शासन निर्णयही निघतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो, त्यात संस्थेचं नाव, पत्ता आणि प्रवेशक्षमता लिहिलेली असते. कॉलेजला त्याची प्रत मागा. मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तेही लक्षात ठेवा.

बार्शीकर_मास्तर
एक भर घालतो. फीचा आकडा तोंडी ऐकून भरू नका. डिग्रीच्या विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या साइटवर कॉलेजवार दिसते. पावती कॉलेजच्या नावाची हवी. २५ हजारांची पावती ट्रस्टच्या नावाने 'देणगी' म्हणून फाडली असेल, तर ती फी नव्हेच आणि परत मागताना तुमच्या हातात काही राहत नाही. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंद आहे. आणि मूळ मार्कलिस्ट, टीसी पडताळणीनंतर परत घ्या. मूळ कागद कपाटात अडकले की पालक दुसरीकडे जाऊच शकत नाही.

शुभदा_परभणी
दादाने त्या माणसाला विचारलं, पावती कोणाच्या नावे देणार? तो म्हणाला, 'आत्ता साधी चिठ्ठी देतो, पावती प्रवेश कन्फर्म झाल्यावर.' दादा आतापर्यंत माझ्यावर चिडला होता, तो हे ऐकून गप्प झाला. शनिवारी जात नाही म्हणून त्यांना कळवलं.

भाच्याने डीटीईच्या पोर्टलवर स्वतः फॉर्म भरलाय, कागदपत्रांची पडताळणी परवा आहे. जिल्ह्यातली आणि शेजारच्या जिल्ह्यातली डी.फार्मची जुनी कॉलेजं वहीत लिहून काढली आहेत. प्रत्येकासमोर पीसीआयच्या यादीतलं नाव, वर्ष, जागा आणि डीटीईचा कोड असे रकाने केलेत. दोन कॉलेजांच्या नावात फरक निघाला, एकाचं तर गावच वेगळं. त्यांना फोन करून विचारणार आहे.

अनिकेत_९९
हा धागा वाचून झोप उडाली. मी डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची कॉलेजची पहिलीच बॅच. पीसीआयच्या यादीत आमच्या कॉलेजसमोर कलम १२चा उल्लेख दिसत नाही. ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणतात होऊन जाईल. आता दोन महिन्यांवर परीक्षा आहे. मी काय करू? आणि ती एक्झिट परीक्षा म्हणतात, तिला बसता येईल का?

औषधवाला_सांगली
घाबरू नकोस बाळा, परीक्षा नीट दे. तुझं ट्रेनिंग प्रत्यक्ष कर, दुकानदाराची सही आणि तारखा खऱ्या घे. नोंदणीच्या वेळी ते सगळं तपासतात.

खलबत्ता
अनिकेत, पहिल्या बॅचला या वेळी कलम १२ न दिसणं हे स्वाभाविक आहे. ती मान्यता तुमच्या परीक्षेच्या आसपासच प्रक्रियेत येते. तेव्हा आत्ताच काही बिनसलंय असं समजू नकोस. पण 'होऊन जाईल' यावरही थांबू नकोस.

चार-पाच मित्र मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यात विचारा : कलम १२साठी पीसीआयकडे अर्ज कोणत्या तारखेला केला, इन्स्पेक्शन झालं का, पीसीआयने काही त्रुटी कळवल्या आहेत का? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. त्रुटी कळवल्या असतील तर त्यांची पूर्तता कॉलेजने करायची असते आणि बहुतेक प्रकरणं तिथेच रखडतात. कॉलेजने उत्तर नाही दिलं तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात पीसीआयला विचारता येतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'आमचं काय होणार' असं विचारू नका, 'अमुक कॉलेजच्या डी.फार्म कोर्सच्या कलम १२ अर्जाची आजची स्थिती आणि त्यासंबंधी कॉलेजला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती' असं मागा. कागद मागितले की कागद येतात.

डी.फार्मनंतर नोंदणीआधी द्यायची ही एक्झिट परीक्षा २०२२च्या नियमांनी आली. तिलाही पीसीआयमान्य कॉलेजातून पास झालेलं असावं लागतं. मान्यता मधल्या काळात लांबली तर तुमच्या बॅचला त्या परीक्षेला बसू देतात का, यावर मी छातीठोकपणे सांगणार नाही. महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलला लेखी विचारून उत्तर लेखी घे.

अनिकेत_९९
धन्यवाद सर. अर्ज उद्याच देतो. वर्गातले सहा जण तयार आहेत, बाकीचे म्हणतात प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात आहेत, नाव देऊ नका.

बार्शीकर_मास्तर
त्यांची भीती खरी आहे, शिक्षक म्हणून सांगतो. मग प्राचार्यांना अर्ज पालकांच्या सहीने जाऊ दे. आणि माहिती अधिकाराचा अर्ज कोणीही नागरिक करू शकतो. तुझ्या वडिलांच्या नावाने टाक, त्यात तू विद्यार्थी आहेस हे लिहायची गरज नाही.

शुभदा_परभणी
अनिकेत, पीसीआयचं उत्तर आलं की इथे नक्की लिही. आमच्या यादीतलं एक कॉलेज तसंच पहिल्या बॅचचं आहे. ते ठेवायचं की खोडायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.